यूपीआय लाइटचे खर्च बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत: हिशेब कसा जुळवायचा

दर महिन्याच्या तीन-चार तारखेला माझ्या टेबलावर हीच तक्रार येते. मी नाशिकला औषधांच्या एका वितरकाकडे हिशेब बघते. आमची पाच-सहा मुलं रोज लाइनवर असतात: सिन्नर, निफाड, पिंपळगाव, चांदवड, दिंडोरी. रिक्षा, चहा-नाश्ता, पार्किंग, झेरॉक्स, कधी गाडीचं पंक्चर असा त्यांचा किरकोळ खर्च महिनाअखेरीस व्हाउचर भरून परत मिळतो. व्हाउचरसोबत पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट जोडायचं, असा मालकांचा नियम आहे. यूपीआय आल्यापासून तो बरा चालला होता. मग ॲपवाल्यांनी लाइट सुरू करायला सुचवलं, पोरांनी केलं, आणि स्टेटमेंट निरुपयोगी झालं.

ऑगस्टमध्ये निफाड लाइनचा मुलगा जुलैचं स्टेटमेंट घेऊन आला. महिनाभरात सत्तरेक ठिकाणी पैसे दिलेले, आणि स्टेटमेंटमध्ये त्यातलं एकही नाही. दोन-दोन हजारांच्या तीन नोंदी तेवढ्या होत्या. "ताई, बँकेनं मधल्या मधे खाल्ले बघा पैसे." बँकेने काही खाल्लं नव्हतं. पण त्याचा हिशेब चारशे चाळीस रुपयांनी चुकत होता हेही खरं. तो कसा सुटला ते पुढे सगळं लिहिते. त्याआधी ही नोंद अशी का होते ते समजून घ्यावं लागेल, नाहीतर प्रत्येक महिन्याला नव्याने शोध घ्यावा लागतो.

पैसे खात्यातून जातात ते भरताना, खर्च करताना नाही

नेहमीच्या यूपीआयमध्ये तुम्ही पिन टाकता, विनंती तुमच्या बँकेच्या मुख्य यंत्रणेत जाते, खात्यातून तेवढी रक्कम वजा होते आणि पासबुकात एक ओळ पडते. दहा रुपयांच्या चहाला एक ओळ, वीस रुपयांच्या पार्किंगला एक ओळ. रिझर्व्ह बँकेने 2021 च्या डिसेंबरात सांगितलं होतं की यूपीआयचे जवळजवळ निम्मे व्यवहार दोनशे रुपयांच्या आतले आहेत. म्हणजे बँकांच्या यंत्रणेवरचा निम्मा भार चहा-वडापावचाच होता. जानेवारी 2022 मध्ये छोट्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय लाइट सुरू केलं.

लाइटमध्ये तुम्ही खात्यातून एकदा रक्कम काढून वेगळ्या शिलकीत ठेवता. यासाठी पिन लागतो आणि ही नोंद स्टेटमेंटमध्ये येते. पुढे त्या शिलकीतून पैसे देताना पिन लागत नाही. रक्कम फोनमधल्या लाइटच्या शिलकीतून वजा होते आणि तुमच्या बचत खात्याला हात लागत नाही. खात्याला हातच लागला नाही, तर स्टेटमेंटमध्ये ओळ कुठून पडणार? एटीएममधून दोन हजार काढले की पासबुकात दोन हजारांची एकच ओळ असते, नंतर ते भाजीवर गेले की पेट्रोलवर हे बँकेला कळत नाही. लाइटचं दिसणं तसंच आहे. फरक एवढाच की इथे खर्चाची यादी कुठेतरी असते, फक्त ती स्टेटमेंटमध्ये नसते.

पोरांचा गोंधळ आणखी एका गोष्टीने वाढतो. ज्याला पैसे मिळतात त्याच्या खात्यात ते नेहमीसारखे थेट जमा होतात. म्हणजे चहावाल्याच्या स्टेटमेंटमध्ये तुमचे वीस रुपये दिसतात आणि तुमच्यात दिसत नाहीत. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांकही असतो, तो ॲपमधल्या पावतीवर असतो. पण तो क्रमांक तुम्ही स्वतःच्या स्टेटमेंटमध्ये शोधलात, तर सापडणार नाही. आमच्या एकाने तो क्रमांक घेऊन शाखेत जाऊन विचारलं. काउंटरवरच्या माणसाने खातं उघडून पाहिलं आणि असा व्यवहारच झालेला नाही, असं सांगितलं. त्याने पाहिलं त्या पडद्यापुरतं ते खरंच होतं. त्याला "खात्यातला व्यवहार" न विचारता "यूपीआय लाइटमधले व्यवहार" विचारायला हवे होते. बँकेकडे लाइटची नोंद वेगळी असते, आणि दिवसभरातल्या लाइट व्यवहारांचा एकत्रित एसएमएस पाठवायची सोयही त्यासाठीच आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी तो जाहिरात समजून पुसून टाकलेला असतो.

आता मर्यादा. नेटवर जुने लेख भरपूर आहेत आणि त्यांत एका वेळी दोनशे, एकूण दोन हजार असे आकडे मिळतील. ते सुरुवातीचे. ऑगस्ट 2023 मध्ये एका व्यवहाराची मर्यादा 500 झाली. डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती 1000 केली आणि लाइटमध्ये एका वेळी ठेवता येणारी रक्कम 5000 वर नेली. हिशेबाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हजाराच्या वरची रक्कम लाइटमधून गेलेली असूच शकत नाही. ती स्टेटमेंटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून सापडलीच पाहिजे. पाचशेच्या डिझेलची ओळ नसेल तर लाइटवर संशय घ्या. बाराशेच्या डिझेलची ओळ नसेल तर काहीतरी वेगळंच झालंय.

"ऑफलाइन" या शब्दाबद्दलही दोन वाक्यं सांगते, कारण त्यावरून वाद होतात. साध्या लाइटमध्ये रक्कम वजा होते ती फोनमधून, पण समोरच्याच्या खात्यात ती पोचवायला इंटरनेट लागतंच. चांदवडच्या घाटात रेंज नसताना क्यूआर स्कॅन करून पैसे जात नाहीत, आणि ते लाइट बिघडल्याचं लक्षण नाही. दोन्ही बाजूंना नेट नसतानाही चालणारा प्रकार लाइट एक्स, 2023 च्या सप्टेंबरात आलेला. त्यात दोन्ही फोनमध्ये एनएफसी असावं लागतं आणि फोनला फोन टेकवावा लागतो. तिथे घेणाऱ्याचे पैसेही बँक खात्यात न जाता आधी त्याच्या लाइटच्या शिलकीत जातात, म्हणजे त्याच्याही स्टेटमेंटमध्ये लगेच काही दिसणार नाही. आमच्या लाइनवर अजून कोणी हे वापरताना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं साध्या लाइटबद्दल.

जुलैचा हिशेब

निफाडच्या पोराने ॲपमधल्या सगळ्या लाइट व्यवहारांची बेरीज करून आणली होती: 5845 रुपये. एक जुलैला सकाळी लाइटमध्ये 640 रुपये होते. हे त्याला माहीत होतं कारण मी सगळ्यांना पहिल्या तारखेचा स्क्रीनशॉट काढायला लावते. (ही सवय नसेल तर आजच लावून घ्या. ॲप तुम्हाला आत्ताची शिल्लक दाखवतं, पंधरा दिवसांपूर्वीची किंवा महिन्याच्या सुरुवातीची नाही.) स्टेटमेंटमध्ये 3, 11 आणि 22 जुलैला दोन-दोन हजार गेलेले. म्हणजे हातात एकूण 6640. त्यातून 5845 गेले तर 795 उरायला हवेत. 31 तारखेच्या रात्रीचा स्क्रीनशॉट दाखवत होता 355. फरक 440.

अशा वेळी माणूस एक चारशे चाळीसची नोंद शोधत बसतो. ती कधीच सापडत नाही. फरक जवळजवळ नेहमी दोन-तीन चुकांचा मिळून झालेला असतो आणि त्यातल्या काही उलट्या दिशेच्या असतात. म्हणून मी फरकाकडे बघत नाही, समीकरण मांडते:

```
सुरुवातीची शिल्लक
+ खात्यातून भरलेली रक्कम
− लाइटमधून खात्यात परत नेलेली रक्कम
− यशस्वी झालेले खर्च
= शेवटची शिल्लक
```

यातली दुसरी आणि तिसरी ओळ बँकेच्या स्टेटमेंटमधून घ्यायची. चौथी ॲपमधून. पहिली आणि पाचवी स्क्रीनशॉटवरून. कुठली ओळ कुठून येते हे ठरलेलं असलं की वाद राहत नाही.

आधी स्टेटमेंट. सहा महिन्यांच्या पीडीएफमध्ये डोळ्यांनी शोधू नका, त्यात `LITE` हा शब्द शोधा. वर्णनाचा मजकूर प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, पण लाइट भरल्याच्या ओळीत हा शब्द बहुधा असतो. नसेल तर 500, 1000, 2000 अशा गोल आकड्यांवर बोट ठेवायचं आणि ती तारीख-वेळ ॲपमधल्या पैसे भरल्याच्या नोंदीशी ताडून पाहायची. तीन वेळा दोन हजार बरोबर निघाले. मग तिसरी ओळ, जी सगळे विसरतात. 28 जुलैला त्याच्या खात्यात 500 रुपये जमा झालेले होते. तो म्हणाला, "हे कोणी पाठवले ते मला आठवत नाही." त्यानेच पाठवले होते. घरी गॅस सिलिंडर आला, खात्यात पैसे कमी होते, म्हणून लाइटमधले पाचशे परत खात्यात घेतले. लाइट बंद न करता अशी रक्कम परत नेण्याची सोय सगळ्या ॲपनी द्यावी असं एनपीसीआयने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं. त्याआधी लाइट पूर्ण बंद केल्याशिवाय पैसे परत येत नसत. ही नोंद खर्चाच्या यादीत नव्हती, म्हणून त्याच्या बेरजेतही नव्हती. 795 मधून 500 गेले, उरायला हवेत 295.

आता उलटंच झालं. ॲपमध्ये 355, म्हणजे साठ रुपये जास्त. पोरगा खूश, मी नाही. जास्त निघालेले पैसे म्हणजे सुद्धा चूकच. यादी पुन्हा ओळीने वाचली. 19 जुलैला ओझरला एका नाश्त्याच्या गाड्यावर साठ रुपये दोनदा दिसत होते, दोन मिनिटांच्या अंतराने. पहिल्याखाली बारीक अक्षरात "अयशस्वी" होतं. पहिला व्यवहार गेला नाही, त्याने पुन्हा केला, दुसरा गेला. बेरीज करताना त्याने दोन्ही धरले. म्हणजे खरे खर्च 5845 उणे 60, 5785 रुपये.

```
640 + 6000 − 500 − 5785 = 355
```

इथे हिशेब जुळला. पण पोराची आणखी एक तक्रार होती, आणि ती सगळ्यांची असते. 15 जुलैला लाइटमधून 180 रुपयांचं एक तिकीट काढलेलं, नंतर रद्द केलं. "लाइटमध्ये पैसे परत आलेच नाहीत." येणारही नाहीत. लाइटच्या व्यवहाराचा परतावा लाइटच्या शिलकीत येत नाही, थेट बँक खात्यात जातो. स्टेटमेंटमध्ये 17 तारखेला 180 जमा होते, फक्त तो तिकडे बघत नव्हता. वरच्या समीकरणात या 180 ला जागा नाही, कारण लाइटमधून पैसे गेले ते गेलेच. पण व्हाउचरमध्ये ते वजा करावे लागतात, कारण तिकिटाचा खर्च शेवटी झालाच नाही. खरा खर्च म्हणून मी 5605 धरले.

पडताळा घ्यायचा असेल तर उलट्या बाजूने घ्या. बँक खात्यातून लाइटसाठी सहा हजार गेले, आणि पाचशे व एकशे ऐंशी परत आले. म्हणजे खात्यातून प्रत्यक्षात गेले 5320. खर्च 5605. मधले 285 कुठून आले? लाइटची शिल्लक 640 वरून 355 वर आली, तिथून. दोन्ही बाजू रुपयाला रुपया लागल्या, आणि व्हाउचरवर मी सही केली. घरचा दुधाचा नि मोबाइल रिचार्जचा खर्च त्यातून वेगळा काढायचा होता, पण तो त्याने खुणा करून आणला होता.

हाच फरक दुसऱ्या कारणांनी येतो तेव्हा

गेल्या वर्षभरात मला भेटलेली कारणं फार नाहीत, पण ती फिरून फिरून येतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे आपोआप भरणं. ही सोय 2024 च्या अखेरीला आली. शिल्लक तुम्ही ठरवलेल्या रकमेच्या खाली गेली की ॲप पिन न विचारता खात्यातून ठरलेली रक्कम लाइटमध्ये भरतं, दिवसातून जास्तीत जास्त पाच वेळा. लाइट सुरू करताना एका पडद्यावर ती परवानगी मागितली जाते आणि घाईत ती देऊन टाकलेली असते. मग स्टेटमेंटमध्ये "मी न केलेल्या" पाचशेच्या नोंदी दिसतात आणि माणूस फसवणुकीची तक्रार करायला निघतो. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक वेळी रक्कम अगदी सारखी असते आणि त्याच्या आधीच्या मिनिटाला लाइटमधून काहीतरी खर्च झालेला असतो. ॲपमध्ये लाइटच्या पानावर किंवा ऑटोपेच्या यादीत ती परवानगी सापडते आणि तिथेच बंद करता येते. महिन्याला ठरावीक पैशांत घर चालवणाऱ्यांनी ती बंदच ठेवावी, असं माझं मत आहे. लाइट रिकामं झालं की माणूस एकदा थांबून विचार करतो, ते थांबणं आपोआप भरण्याने जातं.

दुसरं कारण, दोन ॲप. लाइटची शिल्लक खात्याची नसते, त्या फोनमधल्या त्या ॲपची असते. एका ॲपमध्ये भरलेले पैसे दुसऱ्यात दिसत नाहीत, खातं तेच असलं तरी. आमच्या दिंडोरीवाल्याने ऑफर बघून दुसऱ्या ॲपमध्ये हजार भरले होते आणि विसरला होता. स्टेटमेंटमध्ये लाइटच्या चार नोंदी, पहिल्या ॲपमध्ये तीनच. तो दोन दिवस त्या हजाराच्या मागे होता. हजार रुपये दुसऱ्या ॲपमध्ये जसेच्या तसे पडून होते. अशी नोंद दिसली की आधी फोनमधली सगळी पैशांची ॲप उघडून बघा, मग बँकेत जा.

खूप महिने न वापरलेल्या लाइटचंही असंच होतं. सहा महिने व्यवहार नसेल तर बँकेने ती रक्कम मूळ खात्यात परत द्यावी अशी एनपीसीआयची सूचना आहे. म्हणजे स्टेटमेंटमध्ये एखादी अनोळखी जमा दिसते आणि ॲपमध्ये लाइट शून्य होतं. पैसे गेले असं वाटतं, प्रत्यक्षात घरी आलेले असतात.

आणि मग "प्रक्रियेत" अडकलेला व्यवहार. लाइटमधून वजा झाले, दुकानदाराला मिळाले नाहीत, ॲप ना यशस्वी म्हणतं ना अयशस्वी. अशा वेळी लगेच पुन्हा पैसे देऊ नका, आधी दुकानदाराच्या फोनवर जमा झालेत का ते बघा. तुमच्या स्टेटमेंटमध्ये काही दिसणार नाही हे आता कळलंच असेल, त्यामुळे तिथे शोधून वेळ घालवू नका. महिना जुळवताना अशी नोंद बाजूला काढून ठेवायची आणि तिचा निकाल लागल्यावर लाइटची शिल्लक आणि बँक खातं अशा दोन्ही जागी ती रक्कम परत आली का ते बघायचं. तोवर समीकरणात तेवढ्याच रकमेचा फरक राहणार, तो कागदावर लिहून ठेवायचा. फरक राहणं चूक नाही. तो कशाचा आहे हे सांगता न येणं चूक आहे.

तक्रार करताना काय हातात हवं

ॲपमधल्या त्या व्यवहाराच्या पावतीवर "मदत" किंवा "तक्रार" असा पर्याय असतो, पहिली तक्रार तिथूनच करा. सोबत तो बारा आकडी क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि पावतीवर पैसे `UPI LITE` मधून गेल्याचं दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. बँकेला लिहिताना पहिल्याच ओळीत हा यूपीआय लाइटमधला व्यवहार आहे असं लिहा आणि ज्या भरण्यातून ते पैसे आले, त्या भरण्याचा संदर्भ क्रमांक द्या, कारण तो त्यांना खात्यात सापडतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. साठ रुपयांसाठी तिथे जावं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. चार हजार अडकले असतील तर मी जाईन.

चार हजार अडकतात ते फोन बदलताना. लाइटची शिल्लक फोनला बांधलेली आहे, नवीन फोनवर तेच ॲप तेच खातं टाकलं तरी ती आपोआप उडी मारत नाही. फोन विकण्याआधी, फॅक्टरी रीसेट करण्याआधी किंवा सिम बदलण्याआधी शिल्लक खात्यात परत न्या, किंवा लाइट बंद करा म्हणजे सगळी रक्कम खात्यात जाते. यात कसलाही तोटा नाही. लाइटमधल्या पैशांवर व्याजही मिळत नाही, तिथे ठेवून फायदा काहीच नव्हता. फोन आधीच हरवला असेल तर ॲपच्या मदत केंद्राला आणि बँकेला दोघांनाही लगेच कळवा. सिम बंद करून घेणं तर आधी, कारण लाइटला पिन नाही. उघडा फोन कोणाच्या हाती लागला तर एकेका वेळी हजारापर्यंत, शिल्लक संपेपर्यंत खर्च होऊ शकतो आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्यातलं काही उमटणार नाही. म्हणून ॲपला बोटाचा ठसा किंवा कुलूप असलंच पाहिजे.

दुकानदार आणि टॅलीवाल्यांसाठी

हे निफाडच्या पोराला लागू नाही, पण आमच्या मालकांच्या भावाला लागलं. त्यांचं छोटं जनरल स्टोअर आहे आणि धंद्याच्याच चालू खात्यावरून लाइट भरतात. त्यांच्या अकाउंटंटने लाइट भरल्याची प्रत्येक ओळ थेट "किरकोळ खर्च" मध्ये टाकली होती. तसं केलं की भरलेली सगळी रक्कम खर्च म्हणून दिसते, मग त्यातले दोन हजार अजून फोनमध्येच का असेनात. 30 मार्चला तीन हजार भरले आणि ते एप्रिलमध्ये वापरले, तर खर्च चुकीच्या आर्थिक वर्षात पडतो.

मी त्यांना "यूपीआय लाइट" नावाचं वेगळं लेजर `Cash-in-Hand` या गटाखाली करायला सांगितलं. लाइट भरलं की `F4` दाबून कॉन्ट्राची नोंद, बँकेतून लाइटमध्ये. लाइटमधून खात्यात परत नेलं की कॉन्ट्राच, उलट्या दिशेने. खर्चाच्या नोंदी मात्र पेमेंट व्हाउचरने, लाइटच्या लेजरमधून, ॲपची यादी समोर ठेवून. परतावा आला तर तो बँकेच्या लेजरला जमा, लाइटच्या नाही. महिनाअखेरीला टॅलीतल्या लाइट लेजरची शिल्लक आणि फोनवरची शिल्लक एकच आली पाहिजे, जशी गल्ल्यातली रोकड मोजतो तशी.

त्यांनी एक अडचण सांगितली ती रास्त होती: दिवसाला वीस-वीस नोंदी कोण करणार? रोजची एकत्र एक नोंद केली तरी चालते, ॲपच्या यादीची त्या दिवसाची छापील प्रत व्हाउचरला जोडली की झालं. मात्र यादी महिन्याच्या महिन्याला काढून ठेवा. फोन बिघडला की नव्या फोनवर लाइटचा जुना इतिहास तसाच्या तसा परत येईल यावर मी विसंबत नाही.

आमच्याकडे नियम आता बदलला आहे. व्हाउचरला बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान जोडायचं ज्यावर लाइट भरल्याच्या आणि परत आल्याच्या ओळी आहेत, ॲपमधली लाइटची यादी जोडायची, आणि पहिल्या व शेवटच्या तारखेच्या शिलकीचे दोन स्क्रीनशॉट. अयशस्वी नोंदींवर लाल पेनने फुली. निफाडवाल्याचं सप्टेंबरचं व्हाउचर असं आलं, आणि फरक आला पंधरा रुपयांचा. एक पार्किंगची नोंद अजून "प्रक्रियेत" होती.